कॅसिनोच्या पॉइंटची खरी किंमत: आपल्या तोट्यातला किती भाग परत येतो, हे कसं काढायचं

आम्ही एडिसनला राहतो. गार्डन स्टेट पार्कवे धरला की दीड-पावणेदोन तासांत अटलांटिक सिटी येते. सुरुवातीला वर्षातून दोनदा, पाहुणे आले की, जायचो. मग प्लेयर्स कार्ड काढलं, घरी रंगीत पाकिटं यायला लागली आणि फेऱ्या वाढल्या. एका वर्षी आमच्या चौदा फेऱ्या झाल्या. "अगं, खोली फुकट, जेवण फुकट, वर पंचवीस डॉलर खेळायला देतात, म्हणजे निम्मे पैसे वसूलच की," असं आमच्या गटात सगळेच म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. त्या डिसेंबरात मी वही घेऊन बसले आणि खरोखर किती वसूल झालं ते मांडलं. उत्तर निम्म्याच्या जवळपासही नव्हतं. तो हिशेब कसा करायचा ते इथे पायरीपायरीने देते, कारण कॅसिनो सगळे आकडे देतो, पण ते एका ओळीत कधीच मांडत नाही.

आधी हे जवळ घ्या

- प्लेयर्स कार्डाच्या खात्यातलं पॉइंटचं पान (किती मिळाले, किती वापरले, किती बाद झाले)
- पॉइंटचे नियम: किती डॉलर लावल्यावर एक पॉइंट आणि किती पॉइंटला एक डॉलर
- वर्षाचं विन-लॉस स्टेटमेंट. कार्डाच्या काउंटरवर किंवा खात्यातून मागता येतं.
- आलेली कूपनं, आणि त्यातली कोणती वापरली त्याची नोंद
- ऑनलाइन पोकर खेळत असाल तर साइटवर दिसणारा एकूण भरलेल्या रेकचा, म्हणजे साइटने कापलेल्या रकमेचा आकडा

## 1. तीन रकमा वेगळ्या करा

सगळा गोंधळ इथे होतो. मशीनमध्ये शंभराची नोट घातली आणि तासाभराने उठताना चाळीस डॉलर उरले, तर आपण म्हणतो, "साठ गेले." पण त्या तासात आपण साठ किंवा शंभर डॉलर लावलेले नसतात. दर फेरीला एक डॉलर आणि तासाला पाचशे फेऱ्या असं धरलं, तर आपण पाचशे डॉलर लावले. जिंकलेलं परत लावलं, पुन्हा जिंकलं, पुन्हा लावलं. या एकूण लावलेल्या रकमेला कॅसिनोवाले कॉइन-इन म्हणतात. मी तिला उलाढाल म्हणते, दुकानाच्या हिशेबात म्हणतात तशी.

दुसरी रक्कम म्हणजे अपेक्षित तोटा. त्या खेळात कॅसिनोचा वाटा सरासरी जितके टक्के आहे, तितके टक्के उलाढालीवर. पाचशे डॉलरची उलाढाल आणि नऊ टक्के वाटा असेल तर पंचेचाळीस डॉलर.

तिसरी रक्कम प्रत्यक्ष तोटा, म्हणजे खिशातून खरंच गेलेले पैसे. वरच्या उदाहरणात साठ. एका संध्याकाळी हा आकडा अपेक्षित तोट्यापासून खूप दूर असू शकतो, आपण जिंकलेलोही असू शकतो. उलाढाल वाढत जाते तशी प्रत्यक्ष आकड्याची टक्केवारी अपेक्षित टक्केवारीकडे सरकते.

पॉइंट मिळतात पहिल्या रकमेवर, म्हणजे उलाढालीवर. कूपनं ठरतात मुख्यतः दुसऱ्या रकमेवर, कारण कॅसिनो तुमचा अपेक्षित तोटा स्वतःच मोजत असतो. आणि आपण मनात तुलना करतो तिसऱ्या रकमेशी. म्हणून मन आणि वही जुळत नाहीत.

## 2. पॉइंटचा दर टक्क्यांत आणा

माझ्या कार्डाचा नियम असा होता: स्लॉट मशीनवर पाच डॉलर लावले की एक पॉइंट, व्हिडिओ पोकरवर दहा डॉलर लावले की एक पॉइंट, आणि शंभर पॉइंटला एक डॉलर. अमेरिकेत असा किंवा याच्या आसपासचा नियम बराच दिसतो.

शंभर पॉइंट मिळवायला स्लॉटवर पाचशे डॉलर लावावे लागतात आणि त्याचा मोबदला एक डॉलर. म्हणजे दर 0.20 टक्के. व्हिडिओ पोकरवर हजार डॉलरला एक डॉलर, दर 0.10 टक्के. इतकंच करायचं आहे, पण हे केल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. "तुमच्या खात्यात 14,200 पॉइंट आहेत" हे वाचायला भरघोस वाटतं. ते 142 डॉलर असतात.

इथे एक फसगत नवीन माणसाची हमखास होते. खात्यात दोन प्रकारचे पॉइंट दिसतात: खर्च करता येणारे आणि वरच्या दर्जाचं कार्ड मिळवण्यासाठी मोजले जाणारे. दुसऱ्या प्रकारचे कुठेही खर्च करता येत नाहीत आणि वर्ष संपलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. हिशेबात फक्त पहिले घ्या. त्यांनाही मुदत असते. ठरावीक महिने कार्ड वापरलं नाही तर सगळे बाद होतात, म्हणून ती तारीख नियमात शोधून वहीत लिहून ठेवा.

## 3. त्याला कॅसिनोच्या वाट्याने भागा

तोट्यातला किती भाग पॉइंटने परत येतो, याचं सूत्र एका ओळीचं आहे:

```
परतावा = पॉइंटचा दर ÷ कॅसिनोचा वाटा
```

उलाढाल वर आणि खाली दोन्हीकडे असल्यामुळे कटते. म्हणून तुम्ही शंभर डॉलरचे खेळाडू असा की लाखाचे, पॉइंटपुरतं उत्तर तेच येतं. बदलतो तो खेळ.

स्लॉटवर कॅसिनोचा वाटा किती, हे मशीनवर लिहिलेलं नसतं. न्यू जर्सीत कायद्याने मशीनने लावलेल्या पैशांपैकी किमान 83 टक्के परत दिले पाहिजेत, नेवाडात ही मर्यादा 75 टक्के आहे. प्रत्यक्षात वाटा यापेक्षा बराच कमी असतो. मी हिशेबाला नऊ टक्के धरते. पेनीच्या मशीनवर सहसा तो जास्त असतो, डॉलरच्या मशीनवर कमी. तर 0.20 भागिले 9, म्हणजे 2.2 टक्के. शंभर डॉलर हरलात तर पॉइंटने सव्वादोन डॉलरच्या आत परत आले.

व्हिडिओ पोकरचं वेगळं आहे, कारण तिथे वाटा पडद्यावरच्या तक्त्यातून काढता येतो. 'जॅक्स ऑर बेटर' या खेळात फुल हाउसला 9 आणि फ्लशला 6 देणारं मशीन असेल आणि प्रत्येक पत्ता अचूक ठेवला-टाकला, तर परत मिळतात 99.54 टक्के. वाटा उरला 0.46. त्याच खेळाचं 8 आणि 5 देणारं मशीन 97.30 टक्केच देतं. वाटा 2.70. दोन मशीनं शेजारीशेजारी असतात आणि दिसायला सारखीच.

आता भागाकार करा. 9-6 च्या मशीनवर 0.10 भागिले 0.46, म्हणजे जवळजवळ 22 टक्के. 8-5 वर 0.10 भागिले 2.70, म्हणजे 3.7 टक्के. पॉइंटचा दर स्लॉटच्या निम्मा असूनही व्हिडिओ पोकरवर मोठा भाग परत येतो, कारण मुळात तोटाच लहान आहे. हे मला फार उशिरा कळलं. दर जास्त ते मशीन चांगलं, असं मी धरून चालले होते आणि म्हणून स्लॉट सोडत नव्हते.

दोन अटी मात्र लक्षात ठेवा. चांगल्या तक्त्याच्या मशीनवर कॅसिनो पुष्कळदा पॉइंट आणखी कमी देतो किंवा देतच नाही. तशी चिठ्ठी मशीनवर लावलेली असते, ती वाचा. आणि 99.54 हा आकडा चूक न करणाऱ्याचा आहे. तुमच्या चुकांची किंमत एक टक्का असेल तर वाटा 1.46 होतो आणि परतावा 22 वरून सातच्या खाली येतो.

## 4. टेबलावर खेळत असाल तर

टेबलावर पॉइंट मोजणारं यंत्र नसतं. एक सुपरवायझर येतो, कार्ड घेतो आणि अंदाजाने दोन गोष्टी लिहितो: सरासरी पैज किती आणि किती वेळ बसलात. त्यावरून कॅसिनो तुमचा अपेक्षित तोटा काढतो आणि त्यातला काही भाग खोली-जेवणाच्या रूपाने परत देतो. याला कॉम्प म्हणतात.

```
अपेक्षित तोटा = सरासरी पैज × तासाचे डाव × तास × कॅसिनोचा वाटा
```

ब्लॅकजॅकचं उदाहरण घेऊ. पंचवीस डॉलरची पैज, तासाला सत्तर डाव, चार तास. उलाढाल सात हजार डॉलर. समजा कॅसिनो आपल्या हिशेबात वाटा 1.5 टक्के धरतो, कारण बहुतेक लोक चुका करतात, आणि अपेक्षित तोट्याच्या तीस टक्के कॉम्प देतो. त्याच्या मते तुमचा तोटा 105 डॉलर आणि कॉम्प साडेएकतीस.

पण तुमच्या खेळात कॅसिनोचा वाटा 1.5 आहेच असं नाही. ब्लॅकजॅक लागल्यावर 3:2, म्हणजे दोन डॉलरच्या पैजेला तीन देणारं टेबल असेल आणि कोणत्या पत्त्यांवर काय करायचं याचा मूळ तक्ता पाठ असेल तर वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. तोटा 35 डॉलर, कॉम्प साडेएकतीस, म्हणजे नव्वद टक्के परत. तेच टेबल 6:5 देणारं असेल तर वाट्यात सुमारे 1.4 टक्क्यांची भर पडते. तोटा 133 डॉलर, कॉम्प तेवढंच, परतावा चोवीस टक्क्यांच्या आत. कॉम्प मागण्यात जितकी शक्ती घालवतो, त्याच्या एक दशांश शक्ती टेबलावर "3:2" छापलंय की "6:5" हे पाहण्यात घालवली तर जास्त पैसे वाचतात.

टेबलावरची नोंद चुकू शकते. तुम्ही पहिले काही डाव दहाने खेळलात आणि मग पंचवीसवर गेलात, तर दहाच लिहिलेले राहतात. उठताना "माझी सरासरी काय लिहिली?" असं सरळ विचारा. ते सांगतात.

## 5. छापील किंमत खऱ्या किमतीत आणा

पॉइंटचा भाग लहान असतो. मोठा आकडा दिसतो तो घरी येणाऱ्या पाकिटांमुळे, आणि फुगवटाही तिथेच असतो. माझं चौदा फेऱ्यांचं वर्ष पूर्ण मांडून दाखवते.

स्लॉटवर उलाढाल 62,000 डॉलर, 8-5 च्या व्हिडिओ पोकरवर 18,000. हे आकडे पाहून घाबरायला होतं, मलाही झालं होतं. पण तेच तेच पैसे फिरलेले असतात. अपेक्षित तोटा स्लॉटवर 5,580 आणि व्हिडिओ पोकरवर 486, एकूण 6,066 डॉलर.

मिळालेल्या गोष्टींची छापील किंमत अशी:

- पॉइंट 14,200, म्हणजे 142 डॉलर
- सहा रात्री खोली, प्रत्येकीवर 149 छापलेले, म्हणजे 894
- चौदा वेळा पंचवीस डॉलरचा फ्री प्ले, म्हणजे 350
- जेवणाची तीस डॉलरची चार कूपनं, म्हणजे 120

बेरीज 1,506. तोट्याच्या 25 टक्के. "निम्मे वसूल" नसले तरी चौथा हिस्सा तर आला, असं इथे वाटतं. आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे मिळालं नसतं तर मी यासाठी रोख किती दिले असते?

सहापैकी दोन रात्री आम्ही गेलोच नाही. त्यांची किंमत शून्य. उरलेल्या चार रात्री रविवार ते गुरुवारमधल्या होत्या, तेव्हा आसपास साठ डॉलरला खोली मिळते. त्यातल्या दोन रात्री खरंच राहायचं होतं, त्यांचे साठ-साठ धरले. बाकीच्या दोन रात्री, खोली नसती तर आम्ही घरी परतलो असतो. त्यांचे मी वीस-वीस धरले. एकूण 160. फुकट खोलीवरही रिसॉर्ट फी पंधरा डॉलर रोज भरली होती, ती वजा केली. उरले 100. छापील 894 चे 100.

फ्री प्ले रोख नसतो. तो मशीनमध्ये एकदा फिरवावा लागतो, त्यातून जे जिंकाल ते तुमचं. नऊ टक्के वाट्याच्या स्लॉटवर शंभराचा फ्री प्ले सरासरी 91 डॉलरचा. तीन वेळा मुदत संपल्यामुळे वापरला नाही. अकरा वेळचे 275, त्याचे 91 टक्के म्हणजे 250. पाकिटातली सगळ्यात खरी वस्तू हीच.

जेवणाची तीन कूपनं वापरली. आम्ही शाकाहारी, त्या ठिकाणी तीस डॉलरचं जे मिळतं त्याला मी पंधराच दिले असते. एकूण 45. पॉइंट आम्ही तिथल्याच दुकानात खर्च केले, जिथे वस्तू बाहेरच्या दीडपट दराने मिळतात. 142 चे झाले 95.

बेरीज 490 डॉलर. भागिले 6,066, म्हणजे आठ टक्के. पंचवीसचे आठ. यात काही लबाडी नव्हती, कॅसिनोने कबूल केलेलं सगळं दिलं. फक्त छापील किंमत ही माझी किंमत नव्हती. तुमचे आकडे वेगळे येतील. ज्याला दर आठवड्याला तिथे राहावंच लागतं, त्याच्यासाठी खोलीचे साठ खरोखर साठ आहेत.

विन-लॉस स्टेटमेंटवर त्या वर्षीचा आमचा प्रत्यक्ष तोटा 4,350 होता, अपेक्षेपेक्षा कमी. त्यावर भागलं तर सव्वाअकरा टक्के येतात. मी दोन्ही लिहिते, पण निर्णय अपेक्षित तोट्यावरच्या टक्क्यावर घेते. पुढच्या वर्षी नशीब वेगळं असेल, मशीनचा वाटा तोच असेल.

## 6. कूपनसाठी केलेली फेरी वेगळी मांडा

सरासरीत एक गोष्ट लपते. चौदापैकी तीन फेऱ्या आम्ही केवळ "फ्री प्ले रविवारी संपतोय" म्हणून केल्या होत्या. त्या प्रत्येक फेरीत पंचवीस डॉलरचा फ्री प्ले वापरून आम्ही उठलो नाही. दर फेरीची उलाढाल सुमारे चार हजार झाली. अपेक्षित तोटा 360 डॉलर, मिळकत 22 डॉलर 75 सेंट. पेट्रोल आणि टोल वेगळे.

म्हणून फेरीच्या आधी विचारा: हे कूपन नसतं तर मी गेले असते का? उत्तर "नाही" असेल तर त्या फेरीचा सगळा तोटा त्या एका कूपनच्या नावावर लिहा. वार्षिक टक्के तिथे उपयोगाचे नाहीत.

वरच्या दर्जाच्या कार्डाचंही असंच. डिसेंबरात खात्यात दिसतं, "पुढच्या कार्डाला फक्त 2,500 पॉइंट कमी." स्लॉटवर 2,500 पॉइंट म्हणजे 12,500 डॉलरची उलाढाल, म्हणजे 1,125 डॉलरचा अपेक्षित तोटा. बदल्यात मिळणाऱ्या पार्किंगची आणि एका जेवणाची तुमच्या मते रोख किंमत किती ते लिहा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. आमच्या गटातल्या एकाने हे न मांडता तीन डिसेंबर असे घालवले. फेऱ्या आवरत नाहीत असं घरात कुणाला वाटत असेल तर न्यू जर्सीत 1-800-GAMBLER या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. मराठी घरांत हे बोललं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

"आज पाचपट पॉइंट" अशा दिवसांचा हिशेब सोपा आहे. 0.20 चे 1.0 टक्के होतात, नऊने भागले की अकरा टक्के. पाचपट होऊनही शंभरातले एकोणनव्वद गेलेच.

## 7. पोकरचा रेकबॅक

पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळत नाही, एकमेकांविरुद्ध खेळता. कॅसिनो किंवा साइट प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, छोटा भाग कापते, तो रेक. त्यातला काही भाग खेळाडूला परत दिला की तो रेकबॅक. न्यू जर्सीत ऑनलाइन पोकर 2013 च्या नोव्हेंबरपासून कायदेशीरपणे चालू आहे आणि माझा मावसभाऊ तिथे खेळतो.

त्याने एकदा मला आनंदाने सांगितलं, "ताई, तीस टक्के परत मिळतात." मी विचारलं, कशाचे? तोट्याचे नाहीत, रेकचे. त्याचा हिशेब आम्ही मिळून मांडला. बिग ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी लावावी लागणारी सक्तीची पैज, एक डॉलरची असलेल्या टेबलांवर वीस हजार हात, भरलेला रेक 1,400 डॉलर, निव्वळ तोटा 1,200. म्हणजे रेक नसता तर तो 200 डॉलरने वर असता. टेबलावर तो जिंकत होता आणि रेकमध्ये हरत होता. रेकबॅक 1,400 चे तीस टक्के, 420 डॉलर. तोट्याच्या 35 टक्के. त्याला बरोबरीत यायला रेकच्या सुमारे 86 टक्के परत हवे होते, जे कुणी देत नाही. त्याने खालच्या ब्लाइंडवर न जाता टेबलं बदलली, सैल खेळणाऱ्यांची वेळ निवडली. ते रेकबॅक शोधण्यापेक्षा जास्त कामाला आलं.

रेकबॅकचा टक्का वाचताना रेक कुणाच्या नावावर लिहिला जातो ते पाहा. सहा जणांच्या टेबलावर एका पॉटमधून तीन डॉलर कापले. एक पद्धत अशी की पत्ते मिळालेल्या सहाही जणांच्या नावावर अर्धा-अर्धा डॉलर. दुसरी अशी की पॉटमध्ये ज्यांनी पैसे घातले त्यांच्याच नावावर, घातलेल्या प्रमाणात. दोघांनीच सारखे घातले असतील तर दोघांना दीड-दीड आणि बाकी चौघांना शून्य. जपून, कमी हात खेळणाऱ्याला पहिल्या पद्धतीतले तीस टक्के दुसऱ्या पद्धतीतल्या तीस टक्क्यांपेक्षा बरेच जास्त पडतात. शिवाय काही ठिकाणी दिलेले बोनस आधी रेकमधून वजा करून उरलेल्यावर टक्के लावतात. तेव्हा 1,400 चे 1,000 झालेले असतात आणि 420 चे 300.

आणि खात्यात जमलेला रेकबॅक काढून घ्या, साठवू नका. फुल टिल्ट नावाची साइट 27 टक्के रेकबॅकसाठी नावाजलेली होती. 15 एप्रिल 2011 ला अमेरिकी सरकारने कारवाई केली आणि तिथल्या खेळाडूंचे पैसे वर्षानुवर्षं अडकून पडले.

भारतातल्या वाचकांना एक वेगळी सूचना. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं भारतात बंद झालं आहे. त्यामुळे एखादा एजंट मेसेज करून "साठ टक्के रेकबॅक" सांगत असेल, तर तो टक्का मिळवायला दाद मागण्याची जागाच नाही.

## 8. गोव्याच्या बोटीवर

सुट्टीत भारतात गेलो की मंडळी पणजीला मांडवीतल्या कॅसिनोवर नेतात. तिथे नवख्या माणसाला पॉइंटपेक्षा प्रवेशाचं पॅकेज जास्त भेटतं: जेवण, पेय आणि काही वन टाइम प्ले शिक्के. हे शिक्के रोखीत बदलत नाहीत. एकदा लावायचे, हरलात तर गेले, जिंकलात तर तेवढ्याच किमतीचे खरे शिक्के मिळतात आणि मूळ शिक्का काढून घेतात.

एक शून्य असलेल्या रूलेटवर लाल-काळ्यावर लावला तर जिंकण्याची शक्यता 37 पैकी 18. म्हणून हजाराच्या अशा शिक्क्याची किंमत 486 रुपये. पाच हजारांच्या पॅकेजमध्ये दोन हजारांचे शिक्के असतील तर ते 973 रुपये समजा, आणि उरलेले चार हजार रुपये जेवण-करमणुकीला दिले असते का ते ठरवा.

दुसरी गोष्ट कर. कॅसिनोवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के आहे आणि तो शिक्के घेताना लागतो, जिंकलेले शिक्के पुन्हा लावताना नाही. पावतीवर कर कसा धरलाय ते पाहा. तुमच्या दहा हजारांतच तो धरला असेल तर 2,857 रुपये कराचे आणि हातात 7,143 चे शिक्के. ते रूलेटवर पाच वेळा फिरवले तरी, 2.7 टक्क्यांनी अपेक्षित तोटा 965 च्या आसपास. कराची रक्कम खेळातल्या तोट्याच्या तिप्पट आहे. इथे परतावा काढताना भागायचं ते 965 ने नाही, 3,822 ने. नाहीतर हजार रुपयांचं कॉम्प शंभर टक्क्यांहून जास्त दिसेल, आणि असेल 26 टक्के.

## 9. वहीत काय लिहायचं

मी घरी आल्यावर पाच रकाने भरते: तारीख, पॉइंटची वाढ, खिशातून गेलेली रक्कम, वापरलेलं कूपन आणि त्याची माझ्या मते रोख किंमत. पॉइंटची वाढ पाचने गुणली की त्या दिवसाची स्लॉटची उलाढाल मिळते (व्हिडिओ पोकरची दहाने), म्हणून उलाढाल वेगळी लिहावी लागत नाही. फक्त जादा पॉइंटच्या दिवशी आधी त्या पटीने भागा.

जानेवारीत स्टेटमेंट आलं की वहीशी ताडून बघा. मशीनचा आकडा सहसा जुळतो, कारण कार्ड घातलेलं असताना प्रत्येक फेरी नोंदली जाते. टेबलाचा आकडा सुपरवायझरच्या अंदाजाचा असतो, तिथे वहीवर विश्वास ठेवा. फरक मशीनमध्ये दिसला तर बहुधा कार्ड नीट बसलेलं नव्हतं, किंवा आमच्यासारखं झालं असेल: नवऱ्याच्या खेळावर तीन महिने माझं कार्ड लागलेलं होतं.